दसरा करून जावं की आधी? परदेशी नोकरीला निघणाऱ्याचं पहिलं करवर्ष

माझ्या भाच्याला, अनिकेतला, २०२५ च्या जूनमध्ये इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत डिझाइन इंजिनिअरची नोकरी लागली. नाशिकमध्ये अंबडच्या कारखान्यात सात वर्षं काढलेला मुलगा. घरात पेढे वाटून झाले आणि लगेच तिकिटाची चर्चा सुरू झाली. कंपनी म्हणत होती, सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात या. ताई म्हणाली, "दसरा २ ऑक्टोबरला आहे. सोनं वाटून मग जा." ४ ऑक्टोबरचं तिकीट जवळजवळ ठरलंच होतं. इंदिरानगरातल्या त्यांच्या हॉलमध्ये चहा पिता पिता मी सहज विचारलं, "दिवस मोजलेत का?" सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी नाशिकच्या कॅनडा कॉर्नरला बसून लोकांची रिटर्नं भरतो. (परदेशी जाणाऱ्यांचा कर बघणारा माणूस कॅनडा कॉर्नरला बसतो, हा विनोद मला निम्मे लोक ऐकवतात.) इतक्या वर्षांत सगळ्यात जास्त गोंधळ मी परदेशी गेलेल्यांच्या पहिल्या वर्षात पाहिला आहे. पुढची वर्षं सहसा सुरळीत जातात. म्हणून इथे फक्त त्या पहिल्या वर्षाचं सांगतो, आणि उदाहरण अनिकेतचंच घेतो.

पहिली पायरी: कॅलेंडर घ्या आणि १ एप्रिलपासून मोजा

भारताच्या आयकर कायद्यात तुम्ही निवासी की अनिवासी हे दरवर्षी नव्यानं ठरतं, आणि १ एप्रिल ते ३१ मार्च या अख्ख्या वर्षासाठी एकदाच ठरतं. अर्धं वर्ष निवासी आणि अर्धं अनिवासी अशी सोय आपल्याकडे नाही. घर कुठे आहे, आधार कार्ड आहे का, आईवडील कुठे राहतात, यातलं काहीच इथे बघत नाहीत. बघतात ते तुम्ही देहानं भारतात किती दिवस होता, एवढंच. नाशिकला तीन फ्लॅट असलेला माणूस अनिवासी ठरू शकतो आणि एक खोलीसुद्धा नसलेला निवासी ठरू शकतो.

मूळ नियम दोन आहेत. वर्षात १८२ किंवा जास्त दिवस भारतात राहिलात तर निवासी. किंवा वर्षात ६० किंवा जास्त दिवस राहिलात आणि त्याआधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ किंवा जास्त दिवस होता, तरीही निवासी. आयुष्यभर नाशिकला राहिलेल्या माणसाचे मागच्या चार वर्षांतले ३६५ दिवस कधीच भरलेले असतात. म्हणजे नुसता हा दुसरा नियम लावला, तर मे महिना संपायच्या आधीच प्रत्येक जण त्या वर्षापुरता निवासी ठरेल.

दुसरी पायरी: तुम्ही कशासाठी जाताय ते बघा

इथे कायदा एक सवलत देतो. भारतीय नागरिक त्या वर्षी परदेशात नोकरीसाठी देश सोडत असेल, तर ६० दिवसांचा नियम त्याला लागत नाही. त्याच्यापुरता १८२ दिवसांचाच नियम उरतो. भारतीय जहाजावरच्या खलाशांनाही अशीच सवलत आहे, पण त्यांची मोजणी वेगळी असते, तिच्यात आपण शिरत नाही.

"नोकरीसाठी" हा शब्द महत्त्वाचा आहे. शिकायला जाणाऱ्या मुलाला ही सवलत गृहीत धरता येत नाही. ऑगस्टमध्ये एमएससाठी गेलेली मुलगी साधारणपणे त्या वर्षी निवासीच राहते. तिकडे कमाई नसेल तर तिचं त्यानं काही बिघडत नाही. बिघडतं ते नवऱ्यासोबत डिपेंडंट व्हिसावर जाणाऱ्या बायकोचं, किंवा बायकोसोबत जाणाऱ्या नवऱ्याचं. दोघं एकाच विमानानं, एकाच दिवशी जातात. नोकरीवाला अनिवासी होतो. सोबत गेलेल्याला ६० दिवसांचा नियम लागतो, त्यामुळे तो त्या वर्षी निवासीच राहतो. मग तिकडे दोघांच्या नावानं उघडलेलं बँक खातं त्या निवासी जोडीदाराला रिटर्नमधल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावं लागतं, आणि आयटीआर-१ हा साधा फॉर्म त्याला चालत नाही. ही गोष्ट मी सांगतो तेव्हा समोरचं जोडपं हमखास एकमेकांकडे बघतं.

नोकरीसाठी गेलो हे दाखवायला ऑफर लेटर, व्हिसाचा प्रकार आणि रुजू झाल्याची तारीख, हे तीन कागद जपून ठेवा. इथल्याच कंपनीच्या पगारावर दोन-तीन महिन्यांच्या कामासाठी बाहेर जाऊन येणं ही "नोकरीसाठी देश सोडणं" आहे का, यावर वाद झालेले आहेत. तसं असेल तर सल्ला घेतल्याशिवाय सवलत धरू नका.

अनिकेतचं प्रकरण सरळ होतं. तिकडची कंपनी, तिकडचा पगार, कामाचा व्हिसा. म्हणजे त्याला फक्त १८२ चा आकडा सांभाळायचा होता.

मी कागदावर मांडलं: एप्रिल ३०, मे ३१, जून ३०, जुलै ३१, ऑगस्ट ३१. ऑगस्टअखेर १५३ दिवस होतात. सप्टेंबरचे २९ दिवस मिळवले की बरोबर १८२. म्हणजे २८ सप्टेंबरपर्यंत निघालेला माणूस १८१ दिवसांवर थांबतो आणि अनिवासी होतो, २९ ला निघालेला निवासी राहतो. ४ ऑक्टोबरला निघालेल्या अनिकेतचे १८७ दिवस झाले असते.

यात निघण्याचा दिवस मी मोजला आहे. येण्याचा आणि जाण्याचा असे दोन्ही दिवस भारतातले धरावेत, ही सावध पद्धत. काही न्यायाधिकरणांनी येण्याचा दिवस वगळला आहे, पण एका दिवसाच्या वादावर वर्षाचा कर लटकत ठेवू नये असं मला वाटतं. विमान मध्यरात्रीनंतरचं असेल तर जास्तच सांभाळा. नाशिकहून संध्याकाळी गाडी काढली, कसारा उतरून रात्री मुंबई विमानतळावर पोहोचलात, अकराला इमिग्रेशनचा शिक्का बसला आणि विमान दोनला उडालं. शिक्क्यावर एक तारीख, बोर्डिंग पासवर दुसरी. तुम्ही प्रत्यक्षात पुढच्या दिवशीही भारताच्या जमिनीवर होता. त्यामुळे २८ ही शेवटची तारीख असेल तर २८ च्या रात्रीचं नव्हे, २७ च्या रात्रीचं विमान घ्या.

तिसरी पायरी: परत येण्याचे दिवस त्यात मिळवा

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका अशिलाची जाण्याची तारीख मी बघितली, १७० च्या आसपास दिवस होत होते, आणि निर्धास्तपणे त्याला अनिवासी म्हणून टाकलं. रिटर्न भरायच्या आदल्या दिवशी पासपोर्टच्या झेरॉक्स चाळताना डिसेंबरचा शिक्का दिसला. गृहस्थ बहिणीच्या लग्नाला तीन आठवडे येऊन गेले होते. सगळं रिटर्न पुन्हा केलं.

१८२ दिवस सलग असावे लागत नाहीत. त्याच आर्थिक वर्षात, म्हणजे ३१ मार्चपर्यंत, तुम्ही दिवाळीला, नाताळच्या सुट्टीत किंवा कुणाच्या आजारपणात परत आलात, तर ते दिवस आधीच्या दिवसांत मिळवायचे. सुट्टी कंपनीनं दिली होती की बिनपगारी होती, याच्याशी कायद्याला देणंघेणं नाही.

अनिकेतला डिसेंबरात सोळा दिवसांसाठी यायचं होतं. मग हिशेब उलटा करावा लागतो: १८१ मधून १६ वजा केले, उरले १६५. ऑगस्टअखेरचे १५३ आणि सप्टेंबरचे १२. म्हणजे १२ सप्टेंबरच्या आत निघायचं.

मी हे म्हटलं आणि कोपऱ्यात वाती वळत बसलेल्या त्याच्या आजीनं मान वर केली. "बारा सप्टेंबर? अरे, पितृपंधरवडा आहे. त्यात पोराला परदेशी धाडायचं?" खरंच होतं. त्या वर्षी अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला होती, लगेच पितृपक्ष लागत होता आणि सर्वपित्री अमावस्या २१ ला होती. आयकर कायद्यावर मी वाद घालू शकतो, आजीशी नाही.

शेवटी असं ठरलं. २२ ला घटस्थापना करून अनिकेतनं २३ सप्टेंबरच्या सकाळच्या विमानानं निघायचं. दिवस झाले १५३ अधिक २३, म्हणजे १७६. हाताशी फक्त पाच दिवसांची सवड. डिसेंबरची फेरी रद्द. त्याऐवजी १ एप्रिल २०२६ नंतर यायचं, म्हणजे ते दिवस नव्या वर्षाच्या खात्यात जातात. आईवडिलांचं अचानक काही दुखलंखुपलं तर ती पाच दिवसांची सवड मोडता येईल, आणि वेळ आलीच तर कर भरू पण येऊ, हेही बोलून ठेवलं. कराच्या तारखेसाठी कुणी दवाखान्यात यायचं थांबू नये.

हे सगळं कशासाठी? आकडे मांडून बघू

निवासी माणसाला भारतात जगभरच्या उत्पन्नावर कर लागतो. अनिवासी माणसाला फक्त भारतातल्या उत्पन्नावर. आता अनिकेतचा हिशेब. एप्रिल ते सप्टेंबर त्याला इथे सहा लाख रुपये पगार मिळाला. तिकडचा पगार वर्षाला ४०,००० पौंड, म्हणजे मार्चअखेरच्या सहा महिन्यांचे २०,००० पौंड. सोपं जावं म्हणून पौंड ११५ रुपये धरतो, म्हणजे २३ लाख रुपये.

तिकडे त्यावर कर किती? ब्रिटनमध्ये पहिल्या १२,५७० पौंडांवर कर नाही, आणि वर्षाच्या मध्ये आलेल्या निवासी माणसालाही ही सूट पूर्ण मिळते. उरलेल्या ७,४३० पौंडांवर २० टक्के, म्हणजे १,४८६ पौंड. रुपयांत साधारण १ लाख ७१ हजार.

तो दसरा करून गेला असता आणि निवासी ठरला असता तर? २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत ६ लाख आणि २३ लाख मिळून २९ लाख, त्यातून ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेली, उरले २८ लाख २५ हजार. त्यावर उपकरासह कर होतो ४,४४,६०० रुपये. तिकडे भरलेल्या १ लाख ७१ हजारांचं श्रेय मिळालं, तरी इथे साधारण २ लाख ७४ हजार भरावे लागले असते.

अनिवासी ठरल्यावर? फक्त इथले सहा लाख. वजावटीनंतर ५ लाख २५ हजार, कर ६,५०० रुपये. यात एक गंमत आहे. त्याच्या इथल्या कंपनीनं वर्षाचे बारा लाख धरून, कलम ८७ए च्या सवलतीमुळे, एक रुपयाही टीडीएस कापला नव्हता. ती सवलत फक्त निवासी माणसाला मिळते. त्यामुळे अनिवासी झाल्यावर अनिकेतला साडेसहा हजार स्वतःहून भरावे लागले. "मामा, अनिवासी होऊन कर वाढला की," तो म्हणाला. अडीच लाखांहून जास्त वाचले होते ते सोयीस्करपणे विसरून.

चौथी पायरी: तिकडच्या देशाची परीक्षा वेगळी असते

इथे अनिवासी झालात म्हणजे तिकडे आपोआप निवासी झालात, असं नाही. प्रत्येक देशाची स्वतःची फूटपट्टी आहे. ब्रिटनच्या फूटपट्टीला स्टॅट्युटरी रेसिडेन्स टेस्ट म्हणतात. तिचं वर्ष ६ एप्रिल ते ५ एप्रिल असं असतं आणि दिवस मोजायची रीतही आपल्याहून निराळी. सर्वसाधारणपणे मध्यरात्री तुम्ही ब्रिटनमध्ये असाल तर तो दिवस धरतात. सकाळी उतरून रात्री परत निघालात तर तो दिवस सहसा मोजला जात नाही.

अनिकेत २३ सप्टेंबरच्या दुपारी लंडनला उतरला आणि २ एप्रिलला भारतात यायला निघाला. मधल्या मध्यरात्री मोजल्या तर १९१ होतात. १८३ किंवा जास्त झाले की तिकडे थेट निवासी, पुढे काही बघायचं नाही. कमी भरल्या असत्या तरी तिथे पूर्णवेळ नोकरीची वेगळी कसोटी आहेच, तिच्यात तो बसला असता. तिकडे वर्षाचे दोन भाग करायची सोय आहे, त्यामुळे तो पोहोचण्याआधीच्या काळातल्या भारतातल्या उत्पन्नात ब्रिटन सहसा हात घालत नाही. शिवाय दहा वर्षं सलग ब्रिटनचा निवासी नसलेल्या माणसाला एप्रिल २०२५ पासून पहिली चार वर्षं परदेशी उत्पन्नावर करसवलत मागता येते. म्हणजे नाशिकच्या बँकेतल्या ठेवीच्या व्याजाचा प्रश्नही काही काळ सुटतो. पण ती आपोआप लागू होत नाही, रिटर्नमधून मागावी लागते, आणि मागितली तर १२,५७० ची सूट जाते. पगारदार माणसानं थोड्या व्याजासाठी ती मागण्यात सहसा अर्थ नसतो.

आता "धाग्यांचा" भाग. १८३ दिवस झाले नाहीत म्हणजे आपण तिकडे निवासी नाही, असं जवळजवळ सगळे धरून चालतात. ब्रिटनमध्ये ते खरं नाही. दिवस कमी असले तर ते तुमचे देशाशी असलेले धागे मोजतात. नव्यानं आलेल्या माणसासाठी असे चार धागे आहेत: जोडीदार किंवा अज्ञान मूल तिथलं निवासी असणं, राहायला जागा सलग किमान ९१ दिवस उपलब्ध असणं आणि तिथे एक रात्र तरी काढलेली असणं, वर्षात किमान ४० दिवस दिवसाला तीन तासांहून जास्त काम केलेलं असणं, आणि मागच्या दोनपैकी एखाद्या वर्षात ९० हून जास्त दिवस तिथे काढलेले असणं. आईवडील किंवा भाऊ तिथे असणं हा यातला धागा नाही.

आधीच्या तीन वर्षांत तिथला निवासी नसलेल्या माणसाला ४६ ते ९० दिवसांसाठी चारही धागे असावे लागतात, ९१ ते १२० दिवसांसाठी तीन आणि १२१ ते १८२ दिवसांसाठी फक्त दोन. म्हणजे दिवस जितके जास्त, तितके कमी धागे पुरतात. ४६ पेक्षा कमी दिवस असतील तर असा माणूस थेट अनिवासी.

समजा सातपूरच्या एखाद्या कारखान्यातला इंजिनिअर प्रकल्पासाठी १३० दिवस तिकडे गेला. कंपनीनं फ्लॅट दिला, नव्वद दिवस काम केलं. जागेचा एक धागा, कामाचा दुसरा. १३० दिवसांना दोन पुरतात. म्हणजे तो ब्रिटनचा निवासी. आणि उरलेले २३५ दिवस नाशिकला होता, म्हणजे भारताचाही निवासी. त्याला याची कल्पनाही नसते.

पाचवी पायरी: दोन्हीकडे निवासी ठरलात तर

असं झालं तर भारत आणि ब्रिटन यांच्यातला करार उघडायचा. १९९३ चा हा करार दोन देशांत एका माणसाची ओढाताण झाली तर तोडगा देतो, आणि तो क्रमानं लावायचा असतो. आधी बघायचं, तुमचं कायमचं घर कुठे आहे. एकाच देशात असेल तर विषय संपला. दोन्हीकडे असेल तर तुमचे जवळचे कौटुंबिक आणि आर्थिक संबंध कुठे जास्त आहेत ते. तेही ठरेना, किंवा घर कुठेच नसेल, तर सवयीनं तुम्ही कुठे राहता. त्यावरही ठरेना तर नागरिकत्व. आणि शेवटी दोन्ही देशांचे अधिकारी आपसांत ठरवतात.

वरच्या सातपूरच्या इंजिनिअरचं सोपं आहे. बायको-मुलं नाशिकला, घर नाशिकला, तिकडचा फ्लॅट कंपनीचा आणि थोड्या महिन्यांपुरता. करारानुसार तो भारताचा. पण अनिकेत ४ ऑक्टोबरला गेला असता तर? कायमचं घर म्हणजे मालकीचंच असं नाही, कायम तुमच्यासाठी उपलब्ध असलेली जागा. इंदिरानगरात त्याची खोली जशीच्या तशी आहे, कॉव्हेंट्रीत भाड्याचा फ्लॅट आहे. दोन्हीकडे घर. मग संबंध बघायचे: लग्न झालेलं नाही, नोकरी आणि पगार तिकडे, आईवडील आणि म्युच्युअल फंड इकडे. मी त्याच्या बाजूनं युक्तिवाद लिहू शकलो असतो, पण अधिकारी तो मानेलच असं छातीठोकपणे सांगू शकलो नसतो. तारीख बदलून जे पाच मिनिटांत मिटतं, ते कराराच्या कलमांनी मिटवायला दोन-तीन वर्षं लागू शकतात.

पण सगळ्यांनाच तारीख बदलता येत नाही. नोव्हेंबरात ऑफर आली तर १८२ दिवस कधीच उलटून गेलेले असतात. मग निवासी म्हणूनच रिटर्न भरायचं, तिकडचा पगार दाखवायचा, परदेशी खातं तक्त्यात लिहायचं, आणि तिकडे भरलेल्या कराचं श्रेय त्यासाठीचा फॉर्म भरून घ्यायचं. करारानं ब्रिटनचे निवासी आहोत असं म्हणायचं असेल तर तिकडच्या कर खात्याकडून, एचएमआरसीकडून, निवासाचा दाखला आधी मागवा. तो यायला वेळ लागतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये जाणाऱ्याचं तिकडचं उत्पन्न मार्चअखेर फारसं नसतंच, त्यानं एवढी डोकेफोड करायची गरज नाही.

पुढच्या वर्षांसाठी दोन गोष्टी

एकदा बाहेर स्थिरावलात की भारतात "भेटीला" आलेल्या नागरिकालाही साधारण १८२ दिवसांचीच मर्यादा लागते. पण भारतातलं करपात्र उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तर मर्यादा १२० दिवसांवर येते. नाशिकला हा प्रश्न द्राक्षबागायतदारांची मुलं नेहमी विचारतात. शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्यानं ते या १५ लाखांत येत नाही. त्याच शेतकऱ्याच्या पंचवटीतल्या गाळ्यांचं भाडं मात्र येतं. १२० ते १८१ दिवसांत अडकलात तरी तुम्ही निवासी पण "सामान्य निवासी नसलेले" ठरता, आणि तिकडचा पगार सहसा इथे करपात्र होत नाही. १५ लाखांवर इथलं उत्पन्न असलेल्या आणि दुबईसारख्या करमुक्त ठिकाणी राहणाऱ्या नागरिकालाही कायदा असंच निवासी मानतो, भारतात एक दिवस न येताही.

१ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला २०२५ चा नवा आयकर कायदा लागू आहे. त्यात आधीचं वर्ष आणि निर्धारण वर्ष हा घोळ जाऊन एकच "कर वर्ष" आलं. दिवस मोजायचा गाभा तोच राहिला आहे.

बँक आणि वही

बँकेचा नियम आयकराहून वेगळा आहे, हे डोक्यात ठेवा. परकीय चलनाचा फेमा कायदा नोकरीसाठी निघालेल्या माणसाला सहसा निघाल्यापासूनच अनिवासी मानतो. त्यामुळे ४ ऑक्टोबरला गेलेला माणूसही, आयकरात निवासी असून, बँकेत अनिवासी असतो. साधं बचत खातं अनिवासींसाठीच्या एनआरओ खात्यात बदलून घ्यायला बँकेला कळवा. बरेच जण पाच-पाच वर्षं कळवत नाहीत.

आणि एक साधी वही करा. तारीख, विमान क्रमांक, कुठून कुठे, त्या वर्षातला कितवा दिवस. आता पुष्कळ विमानतळांवर यंत्राचं दार उघडतं आणि पासपोर्टवर शिक्काच बसत नाही, म्हणून बोर्डिंग पासचा फोटो काढून ठेवा. तीन वर्षांनी नोटीस आली तर "मला वाटतं मी तेव्हा पंधरा दिवस आलो होतो" हे उत्तर चालत नाही.

अनिकेत २ एप्रिलला निघाला, ३ ला पहाटे मुंबईत उतरला आणि दुपारी नाशिकला पोहोचला. जेवण झाल्यावर खिशातून छोटी डायरी काढून त्यानं माझ्यासमोर धरली. नव्या पानावर वर "२०२६-२७" लिहिलेलं, आणि खाली पहिली ओळ: "३ एप्रिल, लंडन-मुंबई, दिवस १." आजीनं विचारलं, "हे काय रे?" तो म्हणाला, "पंचांग."